बिलात मोजलेलं पाणी

मच्छेजवळ आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. मार्चपासून मे अखेरपर्यंत कांडपाची घाई असते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातली, तिकडे चंदगडापर्यंतची घरं या दिवसांत वर्षाचं तिखट करून घेतात. तिखटपणासाठी आम्ही संकेश्वरी मिरची वापरतो, रंगासाठी ब्याडगी. संकेश्वरी जवळची, हुक्केरीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडून मिळते. ब्याडगी मात्र हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजारातूनच आणावी लागते. सोमवारी आणि गुरुवारी तिथे लिलाव होतात, आणि आमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकाला तिथल्या एखाद्या व्यापाऱ्याकडून माल घेणं सोयीचं पडतं.

या मार्च अखेरीस मी ८० पोती कड्डी ब्याडगी सांगितली. प्रत्येक पोत्यात निव्वळ ३० किलो, म्हणजे २,४०० किलो. भाव किलोला २४० रुपये, वर ५ टक्के जीएसटी. सगळं मिळून बिल ६,०४,८०० रुपयांचं झालं. ३ लाख आधी पाठवायचे आणि बाकीचे माल तपासल्यावर, असं ठरलं. सौदा फोनवर झाला तरी मी तो नेहमीप्रमाणे लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवला: ओलावा ११ टक्क्यांपर्यंत, तुटकी मिरची आणि सुटं बी मिळून ५ टक्क्यांपर्यंत, बुरशी अजिबात नको, तपासणी बेळगावात माल पोचल्यावर. समोरून "ओके अक्का" असं उत्तर आलं. पुढच्या सगळ्या प्रकरणात या चार ओळी आणि ते एक उत्तर माझ्या फार उपयोगी पडलं.

११ हा आकडा मी मनाने घातलेला नव्हता. अख्ख्या सुक्या मिरचीसाठी अन्नसुरक्षा नियमांत ओलाव्याची कमाल मर्यादा तीच आहे, आणि तिखट पुडीसाठीही तीच. १४-१५ टक्के ओलाव्याची मिरची कांडपात घातली की ती कुटली जात नाही, चेपली जाते. चाळणीला चिकटते, पूड गरम होते आणि पाकिटात गोळे धरते. शिवाय रंग उतरतो. ब्याडगीला आम्ही पैसे मोजतो ते रंगासाठीच.

गाडी रात्री ब्याडगीहून निघून हुबळीमार्गे सकाळी दारात आली. हमालांनी पोती उतरवायला घेतली तेव्हा पहिली शंका आवाजावरून आली. नीट वाळलेल्या मिरचीचं पोतं खाली टेकवलं की आतून खळखळ ऐकू येते, कारण सुटलेलं बी सालीवर आपटतं. ही पोती मुकी होती. एकाची सुतळी सोडून मिरची हातात घेतली आणि वाकवली. ती मोडली नाही, चामड्यासारखी वळली. ब्याडगीची साल मुळातच पातळ आणि सुरकुतलेली असते, थोडी लवचिक लागणारच, म्हणून फक्त वाकवून निकाल देता येत नाही. पण देठाजवळची गाठ दाबली तर तीही मऊ लागली. ती गाठ सगळ्यात शेवटी वाळते. तिथे बोट रुतलं की मिरची पुरी वाळलेली नाही किंवा नंतर भिजलेली आहे, हे मी आजवर अनेकदा पाहिलं आहे.

मी उतरवणं थांबवलं नाही, पण पोती एकत्र थप्पीला लावू दिली नाहीत. गाडीतल्या जागेप्रमाणे ती वेगवेगळी ठेवायला सांगितली: वरच्या थराची एकीकडे, मधली एकीकडे, तळाची आणि फाळक्याला टेकलेली तिसरीकडे. प्रत्येक पोत्यावर खडूने आकडा घातला. गाडी अजून दारात असतानाच ताडपत्रीचे, फाळक्याचे आणि पोत्यांचे फोटो काढले. मग प्रत्येक पोतं आमच्या काट्यावर चढवलं. ड्रायव्हरला तासभर थांबावं लागलं. त्याला नाष्टा दिला, आणि वजनाच्या कागदावर त्याची सही घेतली.

बारदान वजा करून एकूण निव्वळ वजन २,४०४ किलो भरलं. बिलावर होतं २,४००. चार किलोचा फरक दोन काट्यांमध्ये पडतोच. त्या क्षणी हा आकडा मी फक्त लिहून ठेवला, त्याचं महत्त्व दुपारी कळलं.

दुपारी सावकारांना फोन केला. ब्याडगीच्या व्यापाऱ्यांना आम्ही सावकारच म्हणतो. ते माणूस म्हणून सभ्य, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "अक्का, धारवाडकडे परवापासून वळीव लागतोय. वाटेत भिजली असणार. आमच्याकडून निघाली तेव्हा कडक होती. मशिनवर ११.८ दाखवत होतं."

हे उत्तर ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं. मार्च अखेरीस वळवाच्या सरी येतात हे खरंच आहे, आणि वाटेत भिजण्याची जबाबदारी कुणाची हा वेगळाच वाद होऊन बसतो. गाडी भाड्याची होती आणि भाडं मी देणार होते. माल त्यांच्या गोदामातून सुटल्यावर माझा, असं ते म्हणू शकले असते. म्हणून तक्रारीतला खरा प्रश्न मिरची ओली आहे का, हा नव्हता. ती ओली आहे हे त्यांनीही जवळजवळ मान्य केलंच होतं. पाणी कधी शिरलं, हा प्रश्न होता.

त्याचं उत्तर काट्यावर होतं. पाणी वाटेत शिरलं असतं तर मालाचं वजन वाटेत वाढलं असतं. २,४०० किलो कडक मिरची ब्याडगीला मोजली आणि ती रस्त्यात एवढी भिजली, तर बेळगावात ती शंभर किलोच्या आसपास जास्त भरायला हवी होती. भरली फक्त चार किलो जास्त. म्हणजे पाणी त्यांच्या काट्यावर मोजलं जाण्याच्या आधीच मिरचीत होतं, आणि बिलात त्याचा भाव लागला होता.

दुसरा पुरावा पोत्यांच्या रचनेत होता. सरीने भिजलेल्या गाडीत वरची आणि कडेची पोती भिजतात, मधली कोरडी राहतात. तागावर पाण्याचे ओघळ सुकून डाग पडतात. इथे वरची, मधली, तळाची, सगळी पोती सारखीच मऊ होती. ताग कोरडा होता आणि ताडपत्रीच्या घडीत धूळ तशीच होती. तिसरा पुरावा सगळ्यात वाईट. प्रत्येक थरातली पोती उघडत गेलो तेव्हा सहा पोत्यांमध्ये मिरची चिरून पाहिल्यावर आत देठाच्या बाजूला राखाडी-पांढरी बुरशी दिसली. बुरशी एका रात्रीत एवढी पसरत नाही, तिला ओल्या अवस्थेत काही दिवस मिळावे लागतात. गाडी तर आदल्या संध्याकाळी भरली होती.

मिरचीवर पाणी मारण्याची पद्धत बाजारात सगळ्यांना माहीत आहे, आणि ती प्रत्येक वेळी लबाडी असते असंही नाही. कडक वाळलेली ब्याडगी पोत्यात दाबून भरताना मोडते, बी सांडतं, मालाचा तुकडा होतो. म्हणून भरण्याआधी ढिगावर हलका शिडकावा करून मिरची थोडी मऊ करून घेतात. शिडकावा हलका असला आणि माल नंतर मोकळा ठेवला तर ते पाणी उडून जातं. शिडकावा जास्त झाला, ढीग रात्रभर झाकून राहिला आणि सकाळी तसाच पोत्यात दाबला, की आमच्यासारख्यांच्या दारात अशी पोती येतात. शीतगृहातून काढलेल्या मालाचंही असंच होतं. थंड मिरची उन्हाळ्याच्या हवेत आली की तिला घाम सुटतो, आणि ती मोकळी न करता भरली तर ते पाणी आतच अडकतं. या मालाचं यातलं नेमकं काय झालं ते मला कळलं नाही, आणि तक्रारीत मी ते लिहिलंही नाही. मी फक्त एवढंच मांडलं की पाणी वजनाच्या आधीचं आहे.

तोंडी बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. कन्नडमध्ये लिहिलं, कारण त्यांचे दिवाणजी आणि त्यांच्याकडचे बाकी लोक ते वाचणार होते, आणि माझं म्हणणं कुणाच्या तरी तोंडून भाषांतर होऊन त्यांच्यापर्यंत पोचायला नको होतं. घरात मराठी असली तरी शाळेपासून कन्नड कानावर आहे, लिहायला अडत नाही. पत्र एका पानाचं होतं. बिल क्रमांक, गाडी क्रमांक, तारीख. काय ठरलं होतं. काय आढळलं. दोन्हीकडची वजनं. कुठल्या थरातली किती पोती उघडली. आणि शेवटी तीन वाक्यं, ज्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला: "माल आम्ही स्वीकारलेला नाही, फक्त उतरवून वेगळा ठेवला आहे. आपण किंवा आपला माणूस येऊन आपल्यासमोर नमुना काढावा. नमुन्याचा निकाल येईपर्यंत माल वापरला जाणार नाही आणि उरलेली रक्कम थांबवली आहे."

हे असं लिहिण्यामागे कायदा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे, आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असं धरलं जात नाही. पण कलम ४२ सांगतं की माल मालकासारखा वापरला, किंवा नाकारतोय हे न कळवता वाजवी वेळेपेक्षा जास्त काळ ठेवून घेतला, तर तो स्वीकारल्यासारखाच. स्वीकारलेला माल मग परत करता येत नाही, फक्त नुकसानीपुरती किंमत कमी मागता येते. तोही हक्क कलम ५९ मध्ये स्पष्ट आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की एक पोतं जरी कांडपात घातलं तरी सगळाच माल परत करण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. सीझन ऐन भरात होता, बाहेर गिऱ्हाइकं बसलेली होती, अंगणात कडक ऊन होतं. पोती पसरून वाळवून घ्यावीत आणि पुढे चालावं असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं. दीर तर ताडपत्री काढून उभे होते. मी नाही म्हटलं. वाळवली असती तर सावकारांना दाखवायला काहीच उरलं नसतं. बुरशीची सहा पोती मात्र लगेच वेगळ्या खोलीत नेली, बाकीची लाकडी फळ्यांवर, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडून उभी केली. तेवढ्या दिवसांचं तिखट आम्ही जुन्या शिल्लक मालातून भागवलं, आणि ज्यांना शक्य होतं त्यांना पुढची तारीख दिली.

सावकार स्वतः आले नाहीत, त्यांचे दिवाणजी आले. वयस्कर गृहस्थ, आयुष्य मिरचीच्या ढिगात गेलेलं. त्यांच्या पिशवीत ओलावा मोजायचं मशिन होतं, तेच ज्यावर ११.८ दिसलं होतं. मी ते हातात घेऊन पाहिलं. त्यात मका, ज्वारी, भुईमूग, सोयाबीन असे पर्याय होते, मिरची नव्हतीच. दिवाणजींनी भुईमुगावर ठेवून मोजलं होतं. ही यंत्रं भांड्यात दाबून भरलेल्या दाण्यांतून विजेचा अंदाज घेतात आणि त्या पिकासाठी आधीच बसवलेल्या कोष्टकावरून टक्केवारी दाखवतात. मिरची आतून पोकळ, साल वेगळी, बी वेगळं. तिच्यासाठी कोष्टकच नसेल तर पडद्यावर आकडा येतो पण त्याला अर्थ नसतो. दिवाणजींनी यावर वाद घातला नाही. म्हणाले, "आम्ही दोन ढिगांत कुठला जास्त ओला एवढं बघायला वापरतो." तेवढ्यापुरतं ते खरंच चालतं.

मग नमुना काढायला बसलो. पोती कुठली उघडायची ते मी त्यांना निवडू दिलं, फक्त तिन्ही थरांतली हवीत एवढी अट घातली. बुरशीची सहा बाजूलाच ठेवली, कारण त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि ती मिसळली असती तर सरासरी फुगली असती. प्रत्येक निवडलेल्या पोत्याच्या तोंडातून, मधून आणि तळातून मिरची काढली. वरच्या मूठभर मिरचीवर विसंबता येत नाही, कारण पोत्याचं तोंड हवेला वाळतं आणि गाभा ओला राहतो. सगळं एका स्वच्छ ताडपत्रीवर मिसळलं, चार वाटे केले, समोरासमोरचे दोन ठेवले, पुन्हा मिसळलं, असं करत नमुना हाताशी येईल एवढा केला. त्याचे तीन भाग जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद केले. कागदी किंवा कापडी पिशवी इथे चालत नाही, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना वाटेतच वाळतो आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूने झुकतो. प्रत्येक पिशवीच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावरून दोघांच्या सह्या. एक भाग प्रयोगशाळेला, एक दिवाणजींबरोबर ब्याडगीला, एक माझ्या कपाटात. खर्च कुणाचा हेही तिथेच ठरवलं: ओलावा १२ च्या आत निघाला तर तपासणीचा खर्च माझा, वर निघाला तर त्यांचा.

प्रयोगशाळा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिलेली निवडली, आणि नमुन्याबरोबर एक विनंती लिहून दिली की ओलावा टोल्युइन वापरून ऊर्ध्वपातनाने मोजावा. मसाल्याच्या पदार्थांत हे फार महत्त्वाचं असतं. भट्टीत वाळवून वजन किती घटलं ते पाहायची साधी पद्धत धान्याला चालते. मसाल्यात मात्र पाण्याबरोबर उडून जाणारं तेलही असतं. भट्टीत तेही जातं आणि सगळी घट पाणी म्हणून मोजली जाते, त्यामुळे आकडा वाढून येतो. टोल्युइनच्या पद्धतीत नमुना त्या द्रवात उकळतात, पाण्याची वाफ थंड होऊन मोजनळीत तळाशी साठते, आणि पाणी किती ते सरळ नळीवरच वाचता येतं. भट्टीचा आकडा आणला असता तर सावकारांना आक्षेप घ्यायला जागा होती, आणि तो आक्षेप योग्यही ठरला असता.

निकाल १४.६ टक्के आला. तुटकी आणि बी मर्यादेच्या आत होतं. रंगाची तक्रार मी केली नाही. आमच्या सौद्यात रंगाचा आकडा ठरलेला नव्हता, आणि ठरलेल्या हद्दीशिवाय हद्द ओलांडली असं म्हणता येत नाही.

आता पैशांचं. सावकारांनी निकाल पाहून लगेच सांगितलं, "१४.६ वजा ११, म्हणजे ३.६ टक्के. तेवढे कापून घ्या." बाजारात टक्क्याला टक्का कापायची रीत आहे, आणि ती ऐकायला न्याय्य वाटते. पण हिशेब तसा होत नाही. त्यांना मी फोनवर असं समजावलं. तुमच्या १०० किलो मिरचीत १४.६ किलो पाणी, म्हणजे खरा सुका माल ८५.४ किलो. ठरल्याप्रमाणे १०० किलोत ८९ किलो सुका माल हवा होता. तेव्हा तुमचा ८५.४ किलो सुका माल ११ टक्के ओलाव्याच्या मिरचीत बसवला तर त्याचं वजन ८५.४ भागिले ८९, गुणिले १००, म्हणजे ९५.९६ किलो होतं. घट ३.६ नाही, ४.०४ किलोची आहे. पाणी काढलं की एकूण वजनही उतरतं, म्हणून उरलेलं पाणी त्या उतरलेल्या वजनाचं ११ टक्के धरायचं असतं.

बुरशीची १८० किलो सोडून माल राहिला २,२२० किलो. या हिशेबाने त्यात ९० किलो पाणी जास्तीचं, २४० च्या भावाने २१,६०० रुपये. टक्क्याला टक्का धरलं असतं तर १९,१८० च्या आसपास. फरक अडीच हजारांपेक्षा कमी, पण ओलावा जितका जास्त तितका हा फरक वाढत जातो, आणि मला पुढच्या सौद्यांसाठीही पद्धत मान्य करून घ्यायची होती. सावकारांनी मुलाला फोन दिला, मुलाने आकडेमोड केली, आणि ते कबूल झाले.

सहा पोत्यांवर ते अडून बसले. त्यांचं म्हणणं, निम्म्या भावाने ठेवून घ्या, वाळवून चांगल्यात मिसळा, कळत नाही. इथे मी भावाबद्दल बोलायलाच नकार दिला. बुरशी लागलेल्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं. मसाल्यात त्याची एकूण मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे. बुरशी झटकली, मिरची वाळवली किंवा भाजली तरी तयार झालेलं विष जात नाही, आणि कुटून मिसळलं की सहा पोत्यांचं ते सगळ्या तिखटात पसरतं. जास्तीचं पाणी पैशात मोजता येतं, कारण ते उन्हात काढून टाकता येतं. बुरशी भाव कमी केल्याने बरी होत नाही. ज्या घरांतल्या बायका माझ्याकडे वर्षाचं तिखट विश्वासाने देतात, त्यांच्या पोरांच्या ताटात ते जाणार होतं. मी सावकारांना एवढंच म्हटलं की ही पोती परत घ्या, आणि तिकडेही ती कुणाला खायला विकू नका. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाठवा अक्का." परतीचं भाडंही त्यांनी मान्य केलं.

वाळवण्याची मजुरी मी ६,००० मागितली होती: बायका लावून पोती पसरायची, उलटायची, पुन्हा भरायची, आणि त्यात मोडतोड होतेच. त्यांनी ३,००० मान्य केले. इथे मी ताणलं नाही. मजुरीबद्दल सौद्यात काही लिहिलेलं नव्हतं आणि मूळ मुद्दे सुटले होते.

एकूण वजावट अशी झाली: परत गेलेला माल ४३,२०० रुपये, पाण्याचे २१,६००, मजुरीचे ३,०००. मिळून ६७,८०० आणि त्यावरचा ५ टक्के कर ३,३९०, म्हणजे ७१,१९० रुपये. यापुढचा टप्पा पुष्कळ लोक गाळतात. आपणच ७१ हजार कापून उरलेले पाठवायचे, आणि वहीत "ओलावा वजा" असं लिहून मोकळं व्हायचं. तसं केलं की विक्रेत्याच्या विवरणात बिल पूर्ण रकमेचं राहतं. आपल्याही GSTR-2B मध्ये, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर दिसणाऱ्या आपल्या खरेदीच्या विवरणात, पूर्ण कर दिसत राहतो, आणि न दिलेल्या पैशांवरच्या कराची वजावट आपण घेऊन बसतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अशा वेळी विक्रेत्याने क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढायची असते. खरेदीदाराने स्वतः डेबिट नोट लिहिली तरी ती हिशेबाची चिठ्ठी, विक्रेत्याचा कर तिने कमी होत नाही. मी सावकारांना सांगितलं की क्रेडिट नोट आली की त्याच दिवशी बाकी पाठवते. त्यांच्या मुलाने मूळ बिलाचा क्रमांक घालून, परत आलेला माल एका ओळीत आणि भावातली कपात दुसऱ्या ओळीत अशी नोट काढली. मी २,३३,६१० रुपये पाठवले आणि महिना बदलल्यावर नोट 2B मध्ये आल्याची खात्री करून तेवढ्या कराची वजावट परत केली. तपासणीचा खर्च त्यांनी वेगळा पाठवला.

मग पोती उघडून ऊन दिलं. बायका दर तासाभराने मिरची हाताने वर-खाली करत होत्या, मी देठाजवळची गाठ दाबून बघत होते. पुरती खळखळायला लागल्यावर पुन्हा पोती भरून काट्यावर चढवली. २,१२६ किलो भरली. हिशेबाने ११ टक्क्यांना २,१३० किलोच्या आसपास यायला हवी होती. मी तो आकडा काट्याच्या फोटोसकट सावकारांना पाठवला. त्यांनी उलट फोन करून विचारलं, पुढच्या वेळी भरण्याआधी देठ दाबून बघायला दिवाणजींना सांगितलं तर चालेल ना, की प्रत्येक वेळी प्रयोगशाळाच लागणार? मी म्हटलं, भरताना देठ बघा, आणि नमुन्याची एक बंद पिशवी गाडीबरोबर पाठवत जा. माल आला की आधी ती पिशवी आणि पोतं शेजारी ठेवून पाहीन. दोन्हीत फरक दिसला तरच प्रयोगशाळा.

आता पुढची ६० पोती सांगितली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ओळी आता पाच झाल्या आहेत. ओलावा जास्त निघाला तर सुक्या मालाच्या हिशेबाने कपात आणि १४ च्या वर निघाला तर माल परत, ही पाचवी ओळ या वेळी सावकारांनीच लिहून पाठवली.